सूचनेच्या आवाजातली जाहिरात

चंद्रपुरात माझ्या घरामागे दहा बाय बाराची एक खोली आहे, तिला मी स्टुडिओ म्हणतो. खिडकी विटांनी बुजवलेली, भिंतींवर फोम, मध्ये काचेचा आडोसा, दाराला आतून जाड सतरंजी. तरीही रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला की माईक बंद करून बसावं लागतं. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती, एप्रिलमध्ये जयंतीची गाणी, निवडणुकीत सगळ्याच पक्षांचे भोंगे, असं माझं वर्ष जातं. नाटकाच्या जाहिरातीत एकदा एक नट इतका जीव तोडून रडला की शेजारच्या काकू चहाचं पातेलं गॅसवर ठेवून विचारायला आल्या, कोण गेलं म्हणून. मला त्याचा अभिमान वाटला होता. ऐकणाऱ्याला खरं वाटलं म्हणजे काम झालं, अशी माझी तेव्हा साधी समजूत होती.

ही समजूत मोडली त्याला आता तीन वर्षं होतील. एका जाहिरातीमुळे मोडली, आणि ती जाहिरात मी आयुष्यात केलेल्या कामांत सगळ्यात चांगली होती. वाईट केली असती तर काही झालं नसतं.

मुंबईच्या एका एजन्सीचं काम होतं. चार्जिंगच्या टॉर्चची जाहिरात, मूळ हिंदी, तीस सेकंदांची. ती आमच्या भागासाठी सहा भाषांत हवी होती. शहरी मराठी, झाडी बोली, सिरोंचाकडे तेलुगू, चामोर्शीकडच्या बंगाली गावांसाठी बंगाली, सीमेवर छत्तीसगढी, आणि गोंडी. चित्र एकच, आवाज बदलायचे. चित्रात पहाटेचा अंधार, एक नवी नवरी उंबऱ्यावर थबकलेली. मोठी जाऊ हातात टॉर्च घेऊन येते, तिची थट्टा करते, आता कसली भीती, चल निघू, आणि दोघी हसत अंधारात चालू लागतात. शेवटी टॉर्च मोठी होऊन पडद्यावर येते आणि नाव ऐकू येतं.

लोकांना वाटतं डबिंग म्हणजे भाषांतर करून वाचायचं. भाषांतर हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. माझ्याकडे चित्र येतं त्यावर कोपऱ्यात सेकंद पळत असतात. संगीत आणि पावलांचे आवाज वेगळ्या ट्रॅकवर येतात, म्हणजे मूळ बोलणं काढून त्या जागी आपलं बसवता येतं. जिथे बोलणाऱ्याची पाठ असते तिथे थोडं मागेपुढे चालतं. जिथे ओठ दिसतात तिथे सुटका नाही. या जाहिरातीत नवरी जावेकडे वळून "भाभी" म्हणते तेव्हा तिचं तोंड अख्ख्या पडद्यावर होतं. 'भ' म्हणताना ओठ मिटतात. बंगालीत "बौदी" म्हणतात, ते आयतंच बसलं. तेलुगूत "वदिना" आणि मराठीत "वहिनी", यांत ओठ पुरते मिटतच नाहीत. झाडी बोलीत मी आधी "बाप्पा" घातलं, आपल्याकडच्या बाया घाबरल्या की म्हणतात तसं, आणि मग "वयनी". ओठही मिटले आणि घाबरलेपणही आलं. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोला तीनदा बोलावून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली की भाजी करपते आहे.

गोंडीसाठी माझ्याकडे एकच आवाज होता. ती गडचिरोलीपलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत, मीही. तिचं माहेर जंगलातलं, रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरावर. आई तिथेच राहायची. सिस्टरचा आवाज मऊ नव्हता, थोडा खरखरीत, पण ती बोलली की समोरचा ऐकायचा. रुग्णालयात येणाऱ्या बायांना ज्या आवाजात ती सांगायची की गोळी उपाशीपोटी घेऊ नका, त्याच आवाजात ती माझ्या माईकसमोर बोलायची. लसीकरणाची सूचना तिच्या आवाजात होती, मलेरियाची होती, मतदानाची होती. आणि दोन वर्षांपासून वाघाची सूचनाही तिचीच होती. गावाजवळ वाघ फिरत असला की गाडीवर भोंगा लावून ती वाजवायचे. उजाडल्याशिवाय जंगलात जाऊ नका, एकटीने जाऊ नका, वाकून काम करताना एकीने उभं राहून लक्ष ठेवा.

जाहिरातीसाठी ती सुट्टीच्या दिवशी बसने आली. आधी आम्ही बसून वाक्यं केली. हिंदीतली थट्टा गोंडीत कशी येईल ते तिने दोन-तीन प्रकारे सांगितलं, मी घड्याळ लावून वाचून घेतलं. सगळं मिळून पस्तीस सेकंद भरत होतं. तीसच्या वर एक सेकंदही चालत नाही. आवाज न बदलता वेग थोडा वाढवता येतो, पण शंभरात तीन-चारच्या वर गेलं की माणूस कुणीतरी मागे लागल्यासारखा बोलतो. म्हणून काहीतरी कापायलाच हवं होतं. सुरुवातीला चार सेकंदांचं एक वाक्य होतं, की सादर आहे अमुक कंपनीची नवी टॉर्च. ते मी काढलं. टॉर्च चित्रात दिसतेच आहे आणि नाव शेवटी येतंच आहे, मग सुरुवातीची चार सेकंदं कशाला घालवायची, असा माझा हिशेब. तो पडद्यापुरता बरोबर होता.

मग ध्वनिमुद्रण. सिस्टर थट्टेत बोलायला लागली आणि मला ते अजिबात पटेना. ती हसायची ते शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या मुलीसारखं हसायची. सहा टेक झाले. मला राग येतो तेव्हा मी फार शांत बोलतो, तसा बोलायला लागलो. शेवटी म्हटलं, सिस्टर, ते हसणं सोडा. तुम्ही वाघाच्या सूचनेत कशा बोलता, घरच्या बाईला सांगावं तशा, अगदी तसंच हे बोला.

तिने तसं केलं. एका टेकमध्ये झालं. अंगावर काटा आला माझ्या, इतकं खरं होतं ते. आता कसली भीती, पहाटेच निघा बायांनो, अंधार आता आपला आहे. मी काचेपलीकडून अंगठा दाखवला. तिने हेडफोन काढला आणि मान हलवली.

"भाऊ, हे सूचनेसारखं वाटून राह्यलं."

"वाटू द्या," मी म्हटलं. "तेच पाहिजे."

तिने हेडफोनची वायर गुंडाळली. मग म्हणाली, "आमच्या भाषेत जाहिरात नाई येत, भाऊ. भोंग्यावर जे येते ते सूचनाच येते."

मी हे ऐकलं. नीट ऐकलं, कारण माझा धंदाच ऐकण्याचा आहे. आणि तिला म्हटलं की मग आपण पहिली जाहिरात करतोय, चांगलंच आहे की. ती हसली, मोठ्या माणसासमोर हसतात तशी, आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली.

नियम असा की प्रत्येक भाषेचा उलटा हिंदी अनुवाद एजन्सीला पाठवायचा, म्हणजे त्यांना कळतं आपण भलतंसलतं काही बोललो नाही. मी पाठवला. अब काहे का डर, भोर में ही निकलो बहनो, अँधेरा अब अपना है. कागदावर कुणाला काय दिसणार? शब्द बरोबर होते. दोन दिवसांत मंजुरी आली आणि वर एक शेरा, की सहांत गोंडी सगळ्यात नैसर्गिक झाली आहे. तो शेरा मी बायकोला वाचून दाखवला.

मार्चचा शेवट होता. मोहफुलं पडायला लागली होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मोह रात्रभर टपटपतो आणि पहाटे झाडाखाली पिवळसर सडा पडलेला असतो. जितकं लवकर जाल तितकं जास्त मिळतं, नंतर गुरं आणि हरणं खातात. म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, आणि वाकून एकेक फूल वेचतात. वाकलेली बाई वाघाला माणूस वाटत नाही, असं जंगलात काम करणारे सांगतात. आमच्याकडे या दिवसांत वर्तमानपत्र उघडायची भीती वाटते.

सिस्टरचा फोन आला तेव्हा संध्याकाळ होती, मी झाडांना पाणी घालत होतो. तिने आधी मी कसा आहे ते विचारलं, म्हणून मला वाटलं काही काम असेल. मग तिने सांगितलं. तिच्या माहेरच्या बाजूची एक बाई बाळाला घेऊन रुग्णालयात आली होती. ती म्हणाली, बरं झालं सिस्टर, तुम्ही सांगितलं ते. पंधरा दिवस जीव मुठीत धरून बसलो होतो, आता पहाटे जातो आम्ही. सिस्टरला कळेना. मी काय सांगितलं? तर ती बाई म्हणाली, भोंग्यावर सांगितलं ना, आता भीती नाही, पहाटेच निघा. वाघ पकडला म्हणे.

कुणीही वाघ पकडला नव्हता. सिस्टरच्या माहेराजवळ एक वाघीण होती आणि तिच्यासाठी सूचना चालू होती. माझ्याच खोलीत केलेली, सिस्टरच्याच आवाजातली सूचना. पंधरा दिवस ती वाजली होती. आणि मग तीन दिवसांपूर्वी त्याच रस्त्यावरून दुसरी गाडी आली, तोच आवाज, तेच बोलणं, घरच्या बाईला सांगावं तसं, की आता कसली भीती.

पाण्याची नळी माझ्या हातातच होती आणि पायावर चिखल झाला तरी मला कळलं नाही.

मी गडचिरोलीतल्या टॉर्चच्या वितरकाला फोन लावला. तो बिचारा उत्साहात होता. दुकानातल्या पडद्यासाठी फिल्म आली होती, पण गावांत कुठे पडदा, म्हणून त्याने नुसता आवाज काढून पिकअपच्या भोंग्यावर लावला होता. चित्र नाही. उंबरा नाही, नवरी नाही, टॉर्च नाही. सुरुवातीचं कंपनीचं वाक्य मी कापलेलं. नाव यायचं ते सव्विसाव्या सेकंदाला, तोपर्यंत गाडी पुढच्या वळणाला गेलेली, आणि ते नाव इंग्रजी, कुणालाही काही न सांगणारं. मी त्याला गाडी थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, थांबवतो, पण त्या बाजूची सगळी गावं झाली भाऊ, प्रतिसाद खूप चांगला आहे.

सिस्टरने वनरक्षकाला गाठलं होतं. तो म्हणाला की त्याच्याकडे सात गावं आहेत, सकाळी निघतो. तिच्या गावात फोन लागत नाही. गावाबाहेर एक टेकाड आहे, मोहाची झाडं सुरू होतात तिथे, त्यावर उभं राहिलं तरच रेंज मिळते. कुणी तिथे उभं असेल तर बोलता येतं, नाहीतर नाही. आणि आई पहाटे मोह वेचायला जाते.

मी तेव्हाच निघायला हवं होतं. निघालो नाही. त्या रस्त्याने रात्री कुणी जात नाही हे खरं आहे, आणि मी घाबरलो हेही खरं आहे. आम्ही ठरवलं की मी दोनच्या सुमारास चंद्रपुरातून निघायचं आणि साडेचारला तिला रुग्णालयातून घ्यायचं. मी अंथरुणावर पडलो ते घड्याळाकडे बघत. तीस सेकंदांत माझ्या घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फेरा करतो, हे मी आयुष्यभर बघत आलो आहे. ते बघायची अशी भीती मला कधी वाटली नव्हती.

रुग्णालयाच्या फाटकात ती उभीच होती, पांढऱ्या कपड्यांवर शाल. गाडीत बसल्यावर मी दोनदा म्हणालो की चूक माझी आहे. दुसऱ्यांदा म्हटल्यावर ती म्हणाली, "आवाज तं माझा आहे ना, भाऊ." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पानगळीचं जंगल, खाली जाळलेल्या पाचोळ्याची राख, आणि दूर झाडांमध्ये कुठे कुठे उजेडाचे ठिपके हलताना दिसत होते. पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग कळलं की त्या टॉर्च आहेत. मोह वेचणाऱ्या बाया. मी ठिपके मोजायला लागलो आणि अकरानंतर सोडून दिलं.

गावात पोचलो तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. बहुतेक घरांना बाहेरून कड्या. एका अंगणात एक म्हातारे भाऊ शेकोटीजवळ बसले होते, सिस्टरच्या वडिलांच्या भावकीतले. सिस्टर त्यांच्याशी गोंडीत बोलली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "बाया गेल्या. हिनंच तं सांगतलं."

ती पुन्हा पुन्हा सांगत होती की ती सूचना नव्हती, ती दुकानाची जाहिरात होती. म्हाताऱ्या भाऊंना ते समजत नव्हतं असं नाही. त्यांना पटत नव्हतं. ज्या पोरीने सांगितलं म्हणून त्यांनी नातवंडांना सुया टोचून घेतल्या, ती पोर टॉर्च विकण्यासाठी खोटं बोलेल, हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी ते उठले, कुऱ्हाड घेतली, आणखी दोन माणसांना हाक मारली. एकाने रिकामा डबा घेतला. आम्ही पाच जण वाजवत निघालो.

टेकाडाच्या आधी एक कोरडा नाला आहे. त्याच्या रेतीत पावलं उमटली होती, बायांची, एकामागे एक. सिस्टर वाकली. एका चपलेच्या ठशात मधोमध आडवी रेघ होती. तिच्या आईच्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि तिने तळाखालून दोरी घेऊन बांधला होता, ती ही रेघ. आणि त्या ठशाच्या टाचेवर दुसरा ठसा होता. गोल, माझ्या पंजाएवढा, चार बोटांचा, नखं नसलेला. त्याच्या कडेची रेती अजून ओलसर होती, म्हणजे ठसा ताजा होता. म्हाताऱ्या भाऊंनी तो बघितला आणि कानोसा घ्यायला डबा वाजवणाऱ्याचा हात धरून त्याला थांबवलं.

मी पंचवीस वर्षं शांततेच्या शोधात खिडक्या बुजवल्या, सतरंज्या टांगल्या. तिथली शांतता मला सहन होईना. मोहाचं एकेक फूल पडताना ऐकू येत होतं.

सिस्टरने हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. दुसऱ्यांदा उघडलं, नुसता श्वास आला. माझ्या ओळखीतला सगळ्यात भरवशाचा आवाज होता तो. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, स्टुडिओत कुणी अडखळलं की ठेवतो तसा, आणि म्हटलं, घाई नाही, श्वास घ्या. हे मी का म्हटलं मला माहीत नाही. घाई तर होतीच.

तिसऱ्यांदा ती ओरडली. काय ते मला कळलं नाही, पण ती सूचना नव्हती. लहान मूल आईला बोलावतं तसं होतं ते. जंगलाने ते गिळलं. मग काहीच नाही. मग टेकाडाच्या पलीकडून उत्तर आलं, वैतागलेलं, की काय झालं, काऊन बोंबलून राह्यली.

आठ बाया होत्या. आई सगळ्यांत पुढे, डोक्यावर भरलेली टोपली, गळ्यात दोरीने अडकवलेली टॉर्च. जाहिरातीतलीच टॉर्च ती. दोघी एकमेकींना बिलगल्या नाहीत. सिस्टरने आईच्या डोक्यावरची टोपली उतरवली आणि खाली बसून रडायला लागली, आणि आई तिच्याकडे बघत उभी राहिली. मग तिला नाल्यातला ठसा दाखवला. आईने आपली चप्पल त्या ठशाशेजारी ठेवून बघितली. वाघीण त्यांच्या मागून आली होती आणि काही अंतरावर डावीकडे वळली होती. का वळली, ते तिलाच माहीत. त्या दिवशी तिला वळावंसं वाटलं, एवढंच.

परतताना आई माझ्याशी मराठीत बोलली. मी कोण ते सिस्टरने सांगितलं होतं. मला वाटलं आता ती मला बोलेल, आणि बोलावं असं वाटत होतं. ती म्हणाली, "वाघीण आली तवापासून मी तं जात नव्हतो. अंधार असला का मी घरीच राहो. हे पोरगी बोलली म्हणून गेलो." एवढंच बोलून ती पुढे गेली. टोपलीतली फुलं तिने मला ओंजळभर दिली, घरी आलेल्या माणसाला रिकामं पाठवू नये म्हणून.

त्या दिवशी आम्ही भोंगा लावला नाही. लावून उपयोग नव्हता, कारण भोंग्यावरचा आवाज तोच असणार होता. सिस्टर घरोघरी गेली, आजूबाजूच्या चार गावांत, आणि उंबऱ्यात उभी राहून तोंडाने सांगितलं. वनरक्षकही पोचला होता. मी मागे मागे पाण्याची बाटली घेऊन फिरलो.

एजन्सीला मी सगळं कळवलं. फोनवरचा माणूस सभ्य होता, पण त्याला चूक सापडत नव्हती. उलटा अनुवाद बरोबर आहे, वेळ बरोबर आहे, आवाज नैसर्गिक आहे, मग अडचण काय? मी सांगितलं की तो फार नैसर्गिक आहे. बहुतेक मी प्यायलो आहे असं त्याला वाटलं. शेवटी मी माझ्याच हाताने गोंडी पुन्हा केली. कंपनीचं चार सेकंदांचं वाक्य सुरुवातीला परत घातलं, "पहाटेच निघा" काढून टाकलं, जागेसाठी थट्टेची दोन वाक्यं कापली. आवाजासाठी नाटकात विनोदी कामं करणारी एक गोंडी बाई आणली, ती इतकी खोटं हसली की कुणालाही कळावं हे विकायचं बोलणं आहे. एजन्सीचा शेरा आला की आधीची जास्त चांगली होती. तो मी कुणाला वाचून दाखवला नाही.

पुढच्या हंगामात वाघाची नवी सूचना करायची वेळ आली. मी दुसरा आवाज शोधायला लागलो, पण सिस्टरच म्हणाली की मीच करते, माझंच मला निस्तरायचं आहे. तिची एक अट होती. सुरुवातीला ती कोण, कुणाची मुलगी, कुठल्या गावची, कुठल्या रुग्णालयात काम करते, हे सगळं सांगणार, आणि हे विकायचं बोलणं नाही असंही. अकरा सेकंद लागत होते त्याला. मी एकही कापला नाही.

ती सूचना अजून वाजते. लोक ऐकतात, असं वनरक्षक सांगतो. बहुतेक लोक.

या मार्चमध्ये सिस्टर स्टुडिओत आली होती, नवीन गावांची नावं घालायला. काम झाल्यावर चहा पिताना मी आईची चौकशी केली. आई बरी आहे, म्हणाली. फक्त एक झालंय. भोंग्यावर पोरीचा आवाज आला की आई आता फोन करते. हे तूच बोलून राह्यली, का दुकान बोलते, असं विचारते. हो मीच, असं सांगितल्याशिवाय तिचा विश्वास बसत नाही. मी म्हटलं, चांगलं आहे की, खात्री करून घेतात.

सिस्टरने कप खाली ठेवला.

"फोन टेकाडावरच लागते, भाऊ," ती म्हणाली. "सूचना वाजली का ती तिकडं जाते. एकटी."